राहिलेली ओळ

माझ्या जर्मनच्या वहीतली अकराव्या दिवसाची नोंद पाच वाक्यांची आहे. जर्मन उच्चार देवनागरीत जसा उतरतो तशी ती इथे लिहिते: "हॉइटं इस्ट रेगन. देअर बूस इस्ट श्पेट. इश बिन काल्ट. इश लेझं बूख. इश बिन म्यूडं." म्हणजे मला लिहायचं होतं ते असं: आज पाऊस आहे. बसला उशीर झाला. मला थंडी वाजतेय. मी पुस्तक वाचतेय. मी दमले आहे.

या पाचांपैकी फक्त शेवटचं वाक्य जर्मन माणूस असंच म्हणेल. पण मी ही नोंद निवडली ती तिच्यातल्या चुकांसाठी नाही. त्या दिवशी दादाशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं. मी तशीच दार ओढून बाहेर पडले, छत्री घरातच राहिली आणि बसथांब्यावर वीस मिनिटं भिजत उभी राहिले. दिवसभर डोक्यात दुसरं काही नव्हतं. वहीत मात्र पाऊस आला, बस आली, पुस्तक आलं. भांडण आलं नाही, कारण भांडणासाठी माझ्याकडे शब्दच नव्हते. पावसासाठी होते.

नव्या भाषेत रोजनिशी लिहिताना हे सगळ्यांचंच होतं. आपण घडलं ते लिहीत नाही, जमतं ते लिहितो. महिनाभरानंतर मी वही उलटून पाहिली, तर तीस नोंदींपैकी एकोणीस नोंदींत "इश बिन म्यूडं" होतं. मी काही एकोणीस दिवस दमलेली नव्हते. ते वाक्य पाठ होतं, चुकत नव्हतं आणि पाचाचा आकडा पुरा करून देत होतं. रोज लिहिण्याची सवय लागली होती, पण एकोणिसाव्या "इश बिन म्यूडं"नं मला काहीही शिकवलं नव्हतं. उलट, जे चुकीचं होतं तेही तितक्याच निष्ठेनं रोज गिरवलं जात होतं. रोजनिशीचा हा धोका मला कुणी आधी सांगितला नव्हता. रोज लिहिलं की आपोआप सुधारतं, असं मी धरून चालले होते.

मग मी एक बदल केला. पुढचं वर्षभर माझी रोजनिशी त्याच एका बदलावर उभी राहिली. पाच जर्मन वाक्यं झाली की खाली रेघ मारायची आणि रेघेखाली मराठीत एक ओळ लिहायची: आज जे लिहायचं होतं पण लिहिता आलं नाही, ते. या ओळीला मी नुसतं "राहिलं" म्हणते. अकराव्या दिवसाच्या नोंदीखाली ती मी नंतर, महिनाभरानं, आठवून लिहिली: "दादाशी भांडले नसते तर छत्री विसरले नसते."

त्या एका ओळीत काय काय आहे ते पाहा. भूतकाळ आहे, नकार आहे, आणि "असं झालं नसतं तर" हा घडून न गेलेल्या गोष्टीचा सगळा व्यवहार आहे. जर्मनच्या पुस्तकात हे प्रकरण बरंच पुढे येतं. मी दुसऱ्या प्रकरणात होते. म्हणजे मला कुठे जायचं आहे ते वहीनंच सांगितलं होतं, पण तिथवर एका उडीत जाता येणार नव्हतं. मधल्या पायऱ्या बांधायच्या होत्या.

आधी रोजचा पाठ सांगते, म्हणजे पायऱ्या कशावर रचल्या ते कळेल. वेळ दहा मिनिटं. वाक्यं पाच. उजव्या पानावर लिहायचं, डावं पान कोरं ठेवायचं, कारण दुरुस्त्यांना जागा लागते. लिहिताना शब्दकोश बंद. शब्द अडला की तिथे तो मराठीतच लिहून अधोरेखित करायचा आणि पुढे जायचं. पाच वाक्यं झाल्यावरच अडलेले शब्द शोधायचे, तेही तीनच. दहा शब्द अडले असतील तर ज्यांची पुन्हा गरज पडणार असे तीन निवडायचे, बाकीचे सोडून द्यायचे. सुरुवातीला मी प्रत्येक शब्दाला थांबून शोधत असे. एका नोंदीला चाळीस मिनिटं लागत, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले दोन शब्दही आठवत नसत. तीनच शोधायचे ठरवल्यावर ते राहू लागले, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पुन्हा वापरले जात होते.

शब्द शोधण्यातही एक खोच आहे, आणि ती मला "इश बिन काल्ट"नं शिकवली. मराठी-जर्मन शब्दकोश हाताशी नसल्यानं मी इंग्रजीवरून जात होते. "आय अ‍ॅम कोल्ड" या वाक्याचे शब्द एकेक करून जर्मनमध्ये बदलले की "इश बिन काल्ट" तयार होतं. जर्मन माणसाच्या कानाला ते "मी थंड स्वभावाची आहे, कोरडी आहे" असं लागतं. जर्मन शिकवणाऱ्या बाईंनी वहीत त्यावर गोल केला आणि विचारलं, "तुला हे मराठीत कसं म्हणायचं होतं?"

"मला थंडी वाजतेय," मी म्हटलं.

"मग 'मी' कुठून आणलास? 'मला' म्हण की. मिअर इस्ट काल्ट."

"मिअर" म्हणजे मला. मिअर इस्ट काल्ट: मला थंड आहे. मराठीत थंडी मी करत नाही, ती मला वाजते, आणि जर्मनमध्येही थंडीच्या बाबतीत माणूस कर्ता होत नाही. "मला हे आवडतं" यालाही जर्मनमध्ये "मिअर" लागतो. माझ्या स्वतःच्या भाषेनं वाक्याचा साचा आधीच हातात दिला होता, आणि मी तो बाजूला ठेवून मधल्या तिसऱ्याच भाषेच्या वाटेनं निघाले होते. तेव्हापासून अडलेला शब्द शोधताना मी सुटा शब्द शोधत नाही. त्या शब्दाचं एक आख्खं वाक्य शोधते आणि ते मराठीच्या कोणत्या वाक्याशेजारी बसतं ते पाहते. "उशीर" शोधला तर "श्पेट" मिळतो आणि "बस श्पेट आहे" असं ओबडधोबड वाक्य होतं. वाक्य शोधलं तर कळतं की बसजवळ उशीर "असतो": देअर बूस हाट फेअरश्पेटुंग.

आता पायऱ्या. पहिली पायरी वर्तमानकाळातली पाच सुटी वाक्यं. तिथे मी सुमारे पाच आठवडे होते, आणि आज वाटतं की दोन आठवडे जास्तच रेंगाळले. पुढची पायरी कधी घ्यायची हे मला तेव्हा ओळखता येत नव्हतं. नंतर दोन खुणा सापडल्या. पाच वाक्यं पाच मिनिटांच्या आत होऊ लागली ही एक. सलग आठवडाभर एकही शब्द अधोरेखित करावा लागला नाही ही दुसरी. ऐकायला ही प्रगती वाटते, पण रोजनिशीत न अडणं याचा अर्थ आपण अडेल तिथे जातच नाही आहोत. त्या आठवड्याच्या "राहिलं" ओळी एकाखाली एक वाचल्या की पुढची पायरीही तिथेच दिसते. माझ्या त्या आठवड्यातल्या सातपैकी सहा ओळी घडून गेलेल्या गोष्टींच्या होत्या. म्हणजे भूतकाळ हवा होता.

दुसऱ्या पायरीवर मी एक गोष्ट केली, आणि ती रोजच्या लिहिण्याइतकीच उपयोगी पडली. अकराव्या दिवसाचीच नोंद मी पुन्हा लिहायला घेतली, वाक्यं पाचच. "हॉइटं हाट एस गेरेग्नेट. देअर बूस हाटं फेअरश्पेटुंग. इश हाबं त्स्वान्त्सिश मिनूटन गेवार्टेट. मिअर वार काल्ट. दान बिन इश नाख हाउझं गेफारन." आज पाऊस पडला. बसला उशीर झाला होता. मी वीस मिनिटं वाट पाहिली. मला थंडी वाजत होती. मग मी घरी गेले.

बोलण्यातला आणि रोजनिशीतला जर्मन भूतकाळ दोन तुकड्यांचा असतो. एक साहाय्यक क्रियापद दुसऱ्या जागी बसतं आणि खरं क्रियापद वाक्याच्या टोकाला जातं. साहाय्यक दोन आहेत: "हाबन", म्हणजे जवळ असणे, आणि "झाइन", म्हणजे असणे. कुठे कोणतं, हा नवख्यांचा रोजचा घोळ. मला इथे पुन्हा मराठी उपयोगी पडली. आपण "मी पुस्तक वाचलं" म्हणतो, तिथे क्रियापद पुस्तकामागे जातं, आणि "मी गेले" म्हणतो, तिथे ते माझ्यामागे येतं. पुस्तक वाचलं, पत्र लिहिलं, दार उघडलं अशा कर्म घेणाऱ्या क्रियापदांना जर्मनमध्ये "हाबन" लागतं. गेले, आले, पडले अशा एका जागेहून दुसरीकडे नेणाऱ्या किंवा अवस्था बदलणाऱ्या क्रियापदांना "झाइन". हा ताळा सगळीकडे जुळत नाही. "मी झोपले" हे "मी गेले"सारखंच दिसतं, पण झोपण्यात जाणंही नाही आणि बदलही नाही, म्हणून तिथे "हाबन". झोप लागण्यात मात्र बदल आहे, तिथे "झाइन". तेवढे अपवाद मी डाव्या पानावर जमा करत गेले आणि तो घोळ महिन्याभरात बराच मिटला.

मिटला नाही तो "दान"चा. "मग मी घरी गेले" हे मराठीत सरळ आहे: मग, मी, घरी, गेले. जर्मनमध्ये साध्या विधानात क्रियापदाची जागा दुसरी, आणि ती कुणासाठी हलत नाही. "मग" पहिल्या जागी बसलं की "मी"ला क्रियापदाच्या मागे जावं लागतं: दान बिन इश. मी सलग तीन आठवडे "दान इश बिन" लिहीत होते. रोजनिशीत "मग" रोज येतं, त्यामुळे चूकही रोज येत होती आणि हाताला तिचं वळण पडलं होतं. नियम मला माहीत होता. कुणी विचारला असता तर पाठ म्हणून दाखवला असता. पण लिहिताना लक्ष सांगण्याच्या गोष्टीत असतं आणि नियम मागे राहतो.

हे माझं एकटीचं नव्हतं. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं शाळेत सगळे विषय फ्रेंचमधून शिकत, अशा वर्गांचा अभ्यास मेरिल स्वेन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी केला होता. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्या मुलांना समजायचं उत्तम, पण स्वतः बोलायची-लिहायची वेळ आली की व्याकरण कच्चं राहिलेलं दिसायचं. 1985 साली त्यांनी मांडलं की नुसतं समजणं पुरत नाही, स्वतः भाषा घडवावी लागते, तीही नेमकी. घडवायला बसल्यावरच कळतं की आपल्याला काय येत नाही. माझी "राहिलं" ओळ म्हणजे तेच कळणं, फक्त कागदावर उतरवलेलं. पण "दान इश बिन" मला कळतच नव्हतं. जे येत नाही ते दिसतं, जे चुकीचं येतं ते स्वतःला दिसत नाही. तिथे दुसऱ्याचे डोळे लागतात.

दुसऱ्याच्या डोळ्यांचंही प्रमाण असावं लागतं. सुरुवातीला मी बाईंना आख्खी वही दिली होती. त्यांनी मन लावून तपासली आणि पानं लाल होऊन परत आली: लिंग, विभक्ती, शब्दक्रम, स्पेलिंग, सगळं. ती वही मी नऊ दिवस उघडली नाही. अशा दुरुस्त्यांचा उपयोग होतो की नाही यावर अभ्यासकांचंही एकमत नव्हतं. जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 साली लिहिलं की परभाषेतल्या लेखनात व्याकरण दुरुस्त करत बसणं सोडूनच द्यावं. डेना फेरिस यांनी 1999 मध्ये त्याला विरोध केला: दुरुस्ती निवडक आणि स्पष्ट असेल तर तिचा उपयोग होऊ शकतो. मी फेरिस यांच्या बाजूची आहे, पण ते नऊ दिवस आठवले की ट्रस्कॉट यांचं म्हणणंही मला पटतं. बाईंशी बोलून मी ठरवलं की आठवड्यातून दोनच नोंदी दाखवायच्या, आणि त्या महिन्यात बाईंनी फक्त क्रियापदाची जागा पाहायची. बाकी सगळं चुकलं तरी पेन उचलायचं नाही. दोन आठवड्यांत "दान बिन इश" हाताला आलं. लिंगं तशीच चुकत होती, पण ती पुढच्या महिन्याची होती.

दुरुस्त झालेली नोंद मी दुसऱ्या दिवशी लिहायला बसण्याआधी मोठ्यानं वाचते. ही रीत हाइनरिश श्लीमान यांची, म्हणजे पुढे ट्रॉयचं उत्खनन केलं तेच. ऐन विशीत अ‍ॅमस्टरडॅममध्ये नोकरी करताना ते इंग्रजी शिकले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की मोठ्यानं खूप वाचायचं, भाषांतर करायचं नाही, आवडीच्या विषयावर सतत लिहायचं, शिक्षकाकडून ते दुरुस्त करून घ्यायचं आणि दुरुस्त केलेलं पाठ करून पुढच्या तासाला म्हणायचं. प्रवासात ज्या देशात असतील त्या देशाच्या भाषेत ते रोजनिशी लिहीत. स्वतःविषयी सांगताना श्लीमान वाढवून सांगत, त्यामुळे किती आठवड्यांत कोणती भाषा आली हे त्यांचे दावे मी मनावर घेत नाही. पण दुरुस्त केलेलं वाक्य तोंडातून जायला हवं, हे मला खरं वाटतं. लाल खूण डोळ्यांना दिसून जाते, पण वाक्य मोठ्यानं म्हणताना जीभ जुन्या वळणावर जाते आणि अडखळते, तेव्हा चूक खरी कळते. मी पाठ करत नाही, दोनदा म्हणते. पाच वाक्यांना एक मिनिटही लागत नाही.

तिसरी पायरी "कारण"ची. युरोप परिषदेनं 2001 साली भाषेच्या पातळ्यांची जी चौकट प्रसिद्ध केली तिच्यात ए-2 पातळीच्या लेखनाचं वर्णन साधारण असं आहे: "आणि", "पण", "कारण" अशा सोप्या शब्दांनी जोडलेली साधी वाक्यं. वाचायला किरकोळ वाटतं. जर्मनमध्ये "आणि", "पण" खरंच किरकोळ आहेत, कारण त्यांच्यामुळे काही हलत नाही. "कारण", म्हणजे "वाइल", आलं की सगळं वाक्य उलटतं आणि इतका वेळ दुसऱ्या जागी अडून बसलेलं क्रियापद थेट शेवटी जातं. वर्गात सगळे इथे वैतागतात. मी अकराव्या दिवसाची नोंद तिसऱ्यांदा लिहिली: "मिअर वार काल्ट, वाइल इश त्स्वान्त्सिश मिनूटन आउफ डेन बूस गेवार्टेट हाबं." "वाइल"नंतरचे शब्द एकेक करून मराठीत ठेवा: कारण, मी, वीस मिनिटं, बससाठी, थांबले, आहे. एकही शब्द हलवावा लागत नाही. मी ते वाक्य लिहून झाल्यावर बराच वेळ पाहत राहिले होते. दोन महिने ज्या भाषेत क्रियापद पुढे ओढून आणायची सवय केली, तिच्यात अचानक माझ्या घरचा शब्दक्रम सापडला.

या पायरीवर मी एक चूक केली. "वाइल" सोपं वाटलं म्हणून आठवड्याभरात पाचही वाक्यं जोडवाक्यं करायला घेतली, शिवाय "जरी", "जेव्हा", "की" एकदमच आणले. चार दिवस उत्साहात गेले. मग नोंदीला पंचवीस मिनिटं लागू लागली, दर वाक्यात एकदोन शब्द अधोरेखित होऊ लागले, आणि मी आधी मराठीत आख्खं वाक्य मनात रचून मग त्याचं भाषांतर करतेय हे लक्षात आलं. पायरी उंच झाल्याची खूण हीच: वेळ दुपटीवर जातो आणि वाक्य दोनदा रचावं लागतं. त्या आठवड्यात तीन दिवस वही उघडलीच नाही. उपाय साधा निघाला. पाचांतलं एकच वाक्य अवघड ठेवायचं. चार वाक्यं मागच्या पायरीवरची, हात बसलेली, आणि एक नव्या पायरीवरचं. त्या एकासाठी दहापैकी पाच मिनिटं गेली तरी चालतील. आठवडा-दोन आठवड्यांनी दुसरं वाक्य आपोआप वर चढतं, ते ओढावं लागत नाही. तेव्हापासून मी पायरी बदलली नाही, पायरीवर एकेक वाक्य नेलं. लांबी कधीच वाढवली नाही. आजही पाचच वाक्यं आहेत. दहा केली असती तर दहाही सोपी झाली असती, याची मला खात्री आहे.

चौथ्या पायरीला आठ महिने लागले. "राहिलं" ओळींत "असतं तर" पुन्हा पुन्हा येत होतं. तोवर एक गोष्ट कळली होती की मराठीत विचार करून बसलं तर वाक्याचा सांगाडा बऱ्याचदा मिळतो, फक्त अंगावरचे कपडे बदलावे लागतात. मराठीत "झालं असतं" म्हणतो तसं जर्मनमध्ये "हेटं" किंवा "वेअरं" लावतात, आणि कोणतं ते ठरतं त्याच जुन्या हिशेबानं: "हाबन"वाल्यांना हेटं, "झाइन"वाल्यांना वेअरं. दुसऱ्या पायरीवर जो घोळ सोडवला होता तो इथे आयता कामी आला. मी एका रात्री अकराव्या दिवसाची नोंद चौथ्यांदा काढली आणि खालची मराठी ओळ वर आणली: "वेन इश मिश निश्त मिट मायनेम ब्रूडर गेश्ट्रिटन हेटं, हेटं इश डेन शिर्म निश्त फेअरगेसन."

दादाशी भांडले नसते, तर छत्री विसरले नसते. पहिला भाग "हेटं"वर संपतो आणि दुसरा "हेटं"नंच सुरू होतो, मध्ये फक्त स्वल्पविराम. पहिल्या भागात "वेन", म्हणजे जर, असल्यामुळे क्रियापद शेवटी गेलं. तो आख्खा भाग मिळून पहिली जागा अडवतो, म्हणून पुढच्या भागाचं क्रियापद लगेच दुसऱ्या जागी आलं. मराठीत "नसते" या एका शब्दात नकार आणि न घडणं दोन्ही मावतात, तिथे जर्मनला "निश्त" वेगळा ठेवावा लागला. बाकी सगळं तेच. वाक्य लिहून झालं तेव्हा मला ते अवघड वाटलं नाही. अकराव्या दिवशी मला हेच म्हणायचं होतं, आणि आठ महिन्यांनी म्हणता आलं होतं.

त्याखाली नेहमीप्रमाणे रेघ मारली. सवयीनं "राहिलं" लिहायला गेले आणि हात थांबला. मग मराठीतच लिहिलं: "दादाला हे सांगितलेलं नाही." त्या फोननंतर आमचं बोलणं चालू होतं, पण कामापुरतं. त्याला कुणीच काही नाव दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची नोंद पाच वाक्यांची आहे आणि त्यात एकही "वाइल" नाही, एकही "हेटं" नाही. पहिलं वाक्य: "इश हाबं हॉइटं मायनेम ब्रूडर आनगेरूफन." मी आज दादाला फोन केला. पाचांपैकी त्यातच एक चूक आहे. जर्मनमध्ये फोन "ला" नसतो, तिथे "मायनन" हवं होतं. "मला"मधल्या ज्या "ला"नं मला "मिअर इस्ट काल्ट" शिकवलं होतं, त्याच "ला"वर विसंबून "दादाला"चं "मायनेम ब्रूडर" झालं. आठवड्यानंतर बाईंनी "नेम"चं "नन" केलं आणि नोंद वाचून वही परत दिली. पुढची चार वाक्यं अशी: तो घरी होता. आम्ही खूप वेळ बोललो. बाहेर पाऊस पडत होता. मी दमलेली नाही.

त्या पानावर रेघ आहे. रेघेखाली काही लिहिलेलं नाही.